आजोबांना लिहायचं पत्र

भोर तालुक्यातल्या कामथडीची एक मुलगी पुण्यात नोकरी करते. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करायचं तिनं ठरवलंय. आजोबा नाराज आहेत, बोलत नाहीत. पत्राचा मसुदा घेऊन ती आपल्या निवृत्त शिक्षिकेकडे आली.

नात : बाई, पहिल्याच ओळीत ‘आशीर्वाद द्या’ असं लिहिलंय.

बाई : ती ओळ काढ. तू ज्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार आहेस, त्यात वय, आधीचं लग्न, नातं, मानसिक स्थिती अशाच कारणांवर हरकत घेता येते. आजोबांची नाराजी त्यात बसत नाही, म्हणजे त्यांची परवानगी लागत नाही. आशीर्वादाच्या नावानं ती मागितलीस, तर त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणता येईल. नाही म्हणून मोकळे होतील आणि बोलणं तिथंच संपेल.

नात : मग काय मागू?

बाई : त्यांच्या मनात काय आहे, ते विचार. जात हे कारण असेलच, पण त्यामागे भावकी उभी असते. पत्रिकेवर कोणाची नावं घालायची, धाकट्या नातींच्या सोयरिकी जमतील का, पंगतीला किती घरं येतील, ही काळजी आजोबांच्या वयाच्या माणसाला झोपू देत नाही.

नात : शाहू महाराजांनी 1919 सालीच कोल्हापुरात आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला, हे लिहू का?

बाई : खरं आहे, पण या पत्रात नको. ते वाचून आजोबा वाद घालतील, मन उघडं करणार नाहीत. ‘तुमच्या काळी’ हे दोन शब्दही खोड.

नात : मग सुरुवात?

बाई : ‘तीर्थस्वरूप आजोबांस, साष्टांग नमस्कार. मी लग्न ठरवलं आहे, ते बदलणार नाही. हे दुसऱ्याच्या तोंडून तुमच्या कानावर येऊ नये म्हणून स्वतः लिहिते. या लग्नात तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते? मला ऐकायचं आहे. मी उलट बोलणार नाही.’ बस, एवढंच. एकच प्रश्न विचार आणि त्याला जोडून आपली बाजू मांडू नकोस.

नात : त्यांना बारीक अक्षर दिसत नाही.

बाई : म्हणजे घरातलं कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार. काकूला ऐकवणार नाहीस, असं काही त्यात लिहू नकोस. अक्षर मोठं काढ, एक ओळ सोडून लिही, म्हणजे नंतर त्यांना एकट्यानं पुन्हा वाचता येईल.

नात : आणि उत्तर आलं नाही तर?

बाई : गप्प राहणं म्हणजे नकारच असं समजू नकोस. आईकडून दबाव मात्र आणू नकोस. फोन आला आणि ते रागावून बोलले, तरी ते उत्तरच आहे. मधे न तोडता ऐकून घे.

नात : पत्र कधी टाकू?

बाई : विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायच्या आधी. ती कार्यालयातल्या फलकावर लागते आणि हरकतींसाठी 30 दिवसांची मुदत असते. कुणीतरी वाचतं आणि बातमी गावात पोचते. आजोबांच्या हातात पत्र पडल्याची खात्री करून घे, मगच नोटीस दे.