दोन टीबीची डिस्क रात्रीत भरते तेव्हा

१२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जन्मोत्सव असतो आणि त्यानंतरचे काही आठवडे आमच्याकडच्या एडिटिंगच्या टेबलांवर त्याचंच फुटेज फिरत असतं. असंच एक काम घेऊन चिखलीचा एक पोरगा माझ्याकडे आला होता. दोन कॅमेरे, फोर-के, सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येकी तीन तास. टाइमलाइनवर दोन्ही कॅमेरे एकत्र लावले की चित्र अडखळायचं, म्हणून कुणीतरी त्याला सगळं प्रोरेस करून घ्यायला सांगितलं होतं. त्याने यादीतला सगळ्यात भारी दिसणारा पर्याय, प्रोरेस ४२२ एचक्यू, निवडला आणि रात्री मशीन लावून झोपला.

अडखळण्याचं कारण खरंच कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये होतं. एच.२६४ मध्ये अधूनमधून एक फ्रेम पूर्ण साठवली जाते आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदवले जातात. मधल्याच जागी उडी मारली, की प्रोसेसरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे ते कष्ट वाचतात. किंमत मात्र जागेत चुकवावी लागते.

ही किंमत सुरू करण्याआधीच काढता येते. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे तासाला ४५ जीबी. त्याचं मूळ फुटेज याच दराचं होतं, म्हणून सहा तासांचे २७० जीबी झाले. फोर-के २५ फ्रेमला प्रोरेस एचक्यूचा दर साधारण ७३७ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे ३३२ जीबी. सहा तासांचे जवळपास २ टीबी. त्याची डिस्क २ टीबीचीच होती आणि मूळ फुटेजही तिच्यातच. साहजिकच शेवटचा पाऊण तास बाकी असताना ती भरली. डीएनएक्सएचआर एचक्यू घेतलं असतं तरी हिशेब फारसा बदलला नसता.

जागा संपली तेव्हा जी फाइल तयार होत होती, ती आकाराने मोठी दिसत होती, पण उघडत नव्हती. एमओव्ही फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. डिस्क भरली किंवा मध्येच लाइट गेली, की ती लिहायचीच राहते. आपल्याकडे रात्रीच्या लाइटचा भरवसा काय सांगावा! म्हणून सकाळी फक्त फाइलींची संख्या मोजून भागत नाही, प्रत्येक फाइलची लांबी मूळ फाइलशी ताडून पाहावी.

पण तो आला होता वेगळ्याच तक्रारीसाठी. “दादा, एचक्यू केलं, तरीबी अटकूनच राह्यलं.” टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर निवांत आणि डिस्क शंभर टक्क्यांवर. एचक्यूचा एक प्रवाह सेकंदाला सुमारे ९२ एमबी वाचायला लावतो, दोन कॅमेऱ्यांचे १८४. फिरत्या तबकडीची पोर्टेबल डिस्क १०० ते १३० देते, आणि भरत जाते तशी तेवढंही देत नाही. प्रोसेसरवरचा अडथळा त्याने डिस्कवर आणून ठेवला होता, एवढंच.

दर्जाही वाढलेला नव्हता. कॅमेऱ्याने ८ बिटमध्ये जे टिपलं, ते १० बिटच्या मोठ्या डब्यात ठेवल्याने रंगाची जास्तीची माहिती कुठून येणार?

अशा कामाला मी प्रॉक्सी करायला सांगतो. फुल एचडी, प्रोरेस प्रॉक्सी, तासाला साधारण १७ जीबी. सहा तासांना १०० जीबीच्या आसपास, आणि दोन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला १० एमबीसुद्धा लागत नाहीत. एडिट प्रॉक्सीवर करायचं आणि शेवटचं रेंडर मूळ फाइलवरून घ्यायचं.

```
ffmpeg -i C0001.MP4 -vf scale=1920:1080 -c:v prores_ks -profile:v 0 -c:a pcm_s16le C0001.mov
```

नाव, लांबी आणि ऑडिओचे चॅनल मूळ फाइलसारखेच ठेवा, नाहीतर काही सॉफ्टवेअर प्रॉक्सी जोडूनच घेत नाहीत. आधी एकाच क्लिपवर चालवा, तयार फाइलचा आकार क्लिपच्या मिनिटांनी भागा, एकूण मिनिटांनी गुणा आणि डिस्कवरची दहावा हिस्सा जागा मोकळी राहते का ते बघा. त्या पोराने एचक्यूच्या फाइली पुसल्या आणि त्याच डिस्कवर काम पुरं केलं. मूळ फाइली शाबूत होत्या म्हणून हे जमलं. जागा करण्यासाठी मूळच पुसून मोकळे झालेलेही मी पाहिले आहेत.

मोबाइलवरच्या शूटिंगला मात्र मी पूर्ण रूपांतर करायला सांगतो. मोबाइल सेकंदाला कधी २९ तर कधी ३० फ्रेम टिपतो आणि लांब भाषणात आवाज ओठांच्या मागेपुढे सरकत जातो. तिथे ठरावीक फ्रेमदराची प्रोरेस एलटी फाइल करून घ्यावी. फुल एचडीला २५ फ्रेमने ती तासाला साधारण ३८ जीबी घेते, आणि एवढी जागा त्या कामाला देण्यासारखी आहे.