बीएमआय प्राइम : वजनाचं 'पर युनिट'

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे आपल्या सर्वांना पाठ असतं. पण २३.५ आलं तर काय समजायचं? त्यासाठी तक्ता शोधावा लागतो. बीएमआय प्राइम ही अडचण दूर करतो. आलेल्या बीएमआयला सामान्य वजनाच्या वरच्या मर्यादेने भागायचं, बस्स! इलेक्ट्रिकलवाले मित्र याला 'पर युनिट'च म्हणतील. उत्तर १ म्हणजे काठावर, १.०९ म्हणजे ९ टक्के जास्त.

मर्यादा सहसा २५ धरतात. भारतीयांमध्ये मात्र कमी बीएमआयलाच मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून आपल्याकडे २३ धरतात.

आता माझंच उदाहरण घ्या. उंची १.७० मीटर, वजन ६८ किलो. बीएमआय २३.५, प्राइम १.०२. माझा रूम पार्टनर १.६० मीटर, ६४ किलो. बीएमआय २५, प्राइम १.०९. वजनकाट्यावर तो माझ्यापेक्षा चार किलोंनी हलका, पण मर्यादेत यायला मला दीड किलो कमी करायचंय आणि त्याला पाच! तोच २५ बीएमआय एखाद्या युरोपियन माणसाचा असता, तर २५ ने भागून प्राइम बरोबर १ आला असता. म्हणून आकडा सांगताना कशाने भागलं तेही सांगावं.

आणखी एक, भागाकाराने बीएमआयचे दोष जात नाहीत. जिममधल्या पैलवानाचा प्राइम स्नायूंमुळेही १ च्या वर जातो. अशा वेळी कमरेला टेप लावून बघावी.