शंभर पानांची खिचडी आणि एका पानाचा हिशेब

महाप्रसादाच्या पंगतीत मधुमेहाचा विकार असलेली बरीच मंडळी असतात. पानात वाढलेल्या खिचडीत कर्बोदके किती आहेत हे त्यांना कोणी सांगू शकत नाही. मग काही जण प्रसाद केवळ मस्तकी लावून उठतात, तर काही जण अंदाजाने जेवतात. वस्तुतः हा हिशेब अवघड नाही. मुगाच्या डाळीच्या खिचडीचे उदाहरण घेऊन तो आम्ही येथे मांडीत आहो.

चार माणसांच्या घरगुती खिचडीस तांदूळ 200 ग्रॅम, मुगाची डाळ 100 ग्रॅम, तूप 40 ग्रॅम, मीठ 12 ग्रॅम आणि पाणी सुमारे सव्वा लिटर लागते असे धरू. शंभर पानांसाठी याची पंचवीस पट करावयाची. तांदूळ 5 किलो, डाळ अडीच किलो, तूप 1 किलो, मीठ 300 ग्रॅम. येथवर साधा गुणाकार पुरतो. पाण्याच्या बाबतीत मात्र तो फसवतो.

पंचवीस पटीने पाणी 31 लिटरांवर जाते. तेवढे एकदम ओतले तर खिचडीची पेज होते. याचे कारण असे की, वाफ पृष्ठभागावरून निघते आणि मोठ्या पातेल्यात पाण्याच्या मानाने पृष्ठभाग लहान असतो. घरच्या भांड्यात पाव हिस्सा पाणी उडून जात असेल, तर मोठ्या पातेल्यात त्याहून पुष्कळच कमी उडते. म्हणून आरंभी 24 लिटर पाणी घालावे आणि शेजारच्या चुलीवर पाच लिटर आधण उकळत ठेवावे. दाणा बोटाने दाबून पाहावा; आत कणी लागली तर आधणातले पाणी थोडथोडे वाढवावे. गार पाणी घातल्यास उकळी मोडते आणि दाणा बाहेर गळून आत कच्चा राहतो. पातेले 45 लिटरांचे तरी असावे, म्हणजे उतू जात नाही.

तिखट, हिंग व लवंग यांचा पंचवीस पटीचा दोन-तृतीयांश भागच प्रथम घालावा, आणि चव पाहून उरलेला वाढवावा. अधिक पडलेले तिखट काढून घेता येत नाही. बुडाशी करपल्याचा वास येताच कालथा तळाला लावू नये; जाळ काढून वरची खिचडी अलगद दुसऱ्या पातेल्यात घ्यावी.

आता पोषणाचा हिशेब. तरुण मंडळी ज्यांना ‘मॅक्रो’ म्हणतात, ती प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ ही तीन द्रव्ये होत. हा हिशेब नेहमी कच्च्या शिध्यावरून करावा. पाण्याने खिचडीचे वजन वाढते, पण या तिन्हींत भर पडत नाही. म्हणून खिचडी सैल असो वा घट्ट, शिधा तोच असेल तर एकूण पोषण तेच राहते.

शंभर ग्रॅम तांदळात प्रथिने सुमारे 7 ग्रॅम आणि कर्बोदके 78 ग्रॅम असतात. तेवढ्याच मुगाच्या डाळीत प्रथिने 24 ग्रॅम आणि कर्बोदके 53 ग्रॅम. तूप जवळजवळ सगळेच स्निग्ध. यावरून 5 किलो तांदळातून 350 ग्रॅम व अडीच किलो डाळीतून 600 ग्रॅम, मिळून 950 ग्रॅम प्रथिने येतात. कर्बोदके 3900 आणि 1325 मिळून 5225 ग्रॅम होतात. स्निग्ध पदार्थ धान्यातला थोडा अंश धरून 1050 ग्रॅम. यास शंभरांनी भागले की एका पानाला प्रथिने साडेनऊ ग्रॅम, कर्बोदके 52 ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ साडेदहा ग्रॅम येतात. प्रथिने व कर्बोदके यांचे ग्रॅमास 4 आणि स्निग्धाचे 9 उष्मांक धरले, तर एका पानाचे सुमारे 340 उष्मांक होतात.

हे आकडे वाढप सारखे असेल तरच खरे. तयार खिचडी अजमासे 31 किलो भरते, म्हणजे पानाला 310 ग्रॅम. एक डाव भरून तराजूवर तोलावा आणि किती डावांत 310 ग्रॅम होतात ते वाढप्यांना सांगून ठेवावे. त्याच शिध्यात सव्वाशे पाने उठली, तर भागाकारही सव्वाशेंनीच करावा. मग कर्बोदके 42 ग्रॅमांवर येतात.

तांदूळ व डाळ समसमान, म्हणजे पावणेचार किलो घेतली, तर पानाला प्रथिने साडेअकरा ग्रॅमांच्या वर जातात, पण कर्बोदके 49 ग्रॅम उरतातच. तेव्हा डाळ वाढविल्याने मधुमेही माणसाचे पान फारसे हलके होत नाही. ते हलके होते वाढप निम्मे केल्याने. निम्म्या वाढपात कर्बोदके 26 ग्रॅम. कढी, शिरा वा पोळी यांचा हिशेब अर्थातच याहून निराळा जोडावयाचा.

पंगतीच्या दाराशी फळ्यावर एवढेच लिहावे: ‘खिचडी, पूर्ण वाढप: कर्बोदके 52 ग्रॅम, निम्मे वाढप: 26 ग्रॅम.’ वैद्यांनी ज्याला जेवढी मर्यादा घालून दिली असेल, तेवढे तो निःशंकपणे मागून घेईल.