तिमाही आढाव्याचं एक पान

आपल्यापैकी बरेच जण पास झाल्यावर पुण्याची वाट धरतात. पण काहीजण इथेच राहतात. कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत, कुणी मिरजेला, कुणी साताऱ्याच्या एमआयडीसीत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून या भागात कास्टिंग ओतणं, ते मशिनवर कापणं आणि मोठ्या कारखान्याला पुरवणं हा धंदा चालत आला आहे. अशा पुरवठादार कारखान्यात नोकरी लागली की सहा महिन्यांच्या आत साहेब एक काम गळ्यात मारतात : "मोठ्या गिऱ्हाइकाला तिमाहीचा रिव्ह्यू पाठवायचाय, जरा बनव."

हे काम कॉलेजात कुणी शिकवत नाही. मग पोरं काय करतात? तीस स्लाइडचं प्रेझेंटेशन, पहिल्या पानावर कंपनीचा फोटो, शेवटच्या पानावर "धन्यवाद". गिऱ्हाइकाचा खरेदी अधिकारी त्यातला एकच आकडा शोधतो, तो त्याच्या आकड्याशी जुळत नाही आणि सगळी मीटिंग त्या भांडणात जाते. म्हणून हा लेख. आढावा खरं तर एका पानाचा असतो, आणि त्या पानातलं निम्मं काम पान लिहायच्या आधीच होतं.

उदाहरण घेऊ. कुपवाडचं एक मशिन शॉप साताऱ्याच्या एका पंप कारखान्याला बेअरिंग हाउसिंग पुरवतं. (दोन्ही कारखाने उदाहरणापुरते आहेत, नावं शोधत बसू नका.) कास्टिंग बाहेरच्या फाउंड्रीतून येतं, बोअर आपण करतो. बोअर ७२ एच७, म्हणजे ७२.००० ते ७२.०३० मिलिमीटर. तिमाही एप्रिल ते जून. दर आठवड्याला २,००० नगांचा एक लॉट, असे १३ लॉट, एकूण २६,००० नग.

आधी आकडे जुळवा

जून संपला की पहिल्या आठवड्यात दोन वह्या समोरासमोर ठेवायच्या. एक आपली, म्हणजे डिस्पॅच चलन आणि डेबिट नोटा. दुसरी गिऱ्हाइकाची, म्हणजे त्यांच्या इनवर्ड तपासणीच्या आणि असेंब्ली लाइनवरच्या रिजेक्शन नोंदी. या दोन्ही जुळल्या तर नशीब समजा. सहसा जुळत नाहीत.

आपल्या उदाहरणात गिऱ्हाइकाकडे ९१ नग रिजेक्ट आहेत. पीपीएम म्हणजे दहा लाख नगांमागे किती खराब. ९१ भागिले २६,००० गुणिले दहा लाख, उत्तर ३,५००. आपल्या वहीत मात्र ६५ नग, म्हणजे २,५०० पीपीएम. फरक २६ नगांचा. शोधल्यावर कळतं की या २६ नगांत ब्लोहोल निघाले होते. आपण ते फाउंड्रीला डेबिट केले आणि आपल्या हिशोबातून काढून टाकले, कारण "दोष फाउंड्रीचा".

इथेच चूक होते. गिऱ्हाइकाने फाउंड्रीकडून काही घेतलेलं नाही. त्याने तयार हाउसिंग आपल्याकडून घेतलं आहे. फाउंड्रीशी आपण काय हिशोब करायचा तो आपला प्रश्न. तेव्हा हे २६ नग आपल्याच खात्यात.

उरलेल्या ६५ पैकी ५२ नगांचा बोअर मोठा झाला आहे आणि १३ नगांना ठोकर लागली आहे. ही ठोकर टेंपोत लागली की त्यांच्या स्टोअरमध्ये, यावर वाद आहे. वाद असला तरी ते १३ नग वगळून आकडा छापायचा नाही. पूर्ण ३,५०० लिहायचा आणि खाली एक ओळ टाकायची : "यातील १३ नगांच्या कारणावर चर्चा सुरू आहे." गिऱ्हाइकाच्या साहेबांसमोर त्यांच्याच सिस्टीममधला आकडा आला की पान पुढे वाचलं जातं.

वेळेवर पुरवठ्याचंही तसंच. आपण म्हणतो, २६,००० मागितले, २६,००० दिले, शंभर टक्के. गिऱ्हाईक म्हणतं, १३ पैकी १० लॉट ठरल्या दिवशी आले, म्हणजे ७७ टक्के. दोन्ही गणितं बरोबर आहेत, पण त्यांची लाइन दिवसाच्या हिशोबाने चालते. लॉट उशिरा आला त्या दिवशी तिथली माणसं रिकामी बसली. म्हणून ७७ लिहायचं, आणि तो लॉटवर मोजला आहे हेही लिहायचं.

आकडे जुळल्यावर त्यांच्या क्वालिटीच्या माणसाला फोन करून सांगा, "साहेब, आम्ही ३,५०० धरतोय, तुमच्याकडे हाच आहे ना?" त्यांच्या वरिष्ठांसमोर आकडा पहिल्यांदा उघडा पडला तर त्या माणसाचीही पंचाईत होते.

कारण लिहिताना

मागच्या तिमाहीत २५,००० पैकी ६० नग, म्हणजे २,४०० पीपीएम होता. आता ३,५०० झाला. हे लपवायचं नाही आणि "ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे" असंही लिहायचं नाही. त्या वाक्यातून गिऱ्हाइकाला एवढंच कळतं की आपल्याला कारण सापडलेलं नाही.

नोंदी तारखेप्रमाणे लावल्या तर चित्र दिसतं. बोअर मोठा झालेल्या ५२ पैकी ४७ नग मे महिन्यातल्या दोनच लॉटमधले, तेही दुसऱ्या पाळीतले. टूलचा इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग मोजून मगच पुढे जायचं असा नियम होता, पण दुसऱ्या पाळीत तो नग मोजणारा तपासनीस नव्हता. म्हणजे दोष सगळीकडे पसरलेला नाही, एका जागी आहे. अशा दोषावर इलाज होतो. हाच दोष तेराही लॉटमध्ये थोडा थोडा असता तर मशिन किंवा फिक्स्चरकडे बघावं लागलं असतं. म्हणून नुसती बेरीज बघू नका, दोष कोणत्या लॉटमध्ये गोळा झालाय ते बघा.

उशिराच्या तीन लॉटपैकी एक या बोअरच्या छाननीत अडकला, दोन कास्टिंग वेळेत न आल्याने.

पुढचे अग्रक्रम : तीनच

पुढच्या तिमाहीसाठी दहा गोष्टी लिहिल्या तर एकही होत नाही. तीन लिहा. प्रत्येकात काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत आणि झालं हे दोघांनाही कशावरून कळणार, एवढं असावं. शिवाय गिऱ्हाइकाकडून काय हवं तेही. हे शेवटचं लिहायला पोरं घाबरतात, पण त्याशिवाय आढावा म्हणजे नुसता माफीनामा होतो.

तिसरा अग्रक्रम आपल्या भागाचा खास आहे : पूर. जुलै ते सप्टेंबर ही कृष्णेची तिमाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्येही शहरात शिरलं. कुपवाडहून साताऱ्याला जायचं तर नेहमीचा रस्ता कृष्णा ओलांडून ईश्वरपूरमार्गे जातो. कारखाना कोरडा असला तरी टेंपो अडकतो. तेव्हा पलीकडे थोडा माल आधीच नेऊन ठेवणं हा ढोबळ "आपत्ती व्यवस्थापनाचा" मुद्दा नाही, नगांत मोजायचा मुद्दा आहे.

आता हे सगळं एकत्र आलं की पत्र असं होतं. प्रत्यक्षात ते बहुधा इंग्रजीत जाईल, पण बांधणी हीच.

> विषय : बेअरिंग हाउसिंग, एप्रिल-जून आढावा व जुलै-सप्टेंबरचे अग्रक्रम
>
> महोदय,
>
> या तिमाहीत २६,००० नग पुरवले. रिजेक्शन ३,५०० पीपीएम (९१ नग), मागील तिमाहीत २,४००. वेळेवर पुरवठा १३ पैकी १० लॉट, ७७ टक्के. आकडे आपल्या नोंदींशी ताडून घेतले आहेत. यातील १३ नगांच्या कारणावर चर्चा सुरू आहे.
>
> वाढीचे मुख्य कारण बोअर मोठा होणे (५२ नग). त्यातील ४७ नग मेमधील दोन लॉटमध्ये, दुसऱ्या पाळीत, इन्सर्ट बदलल्यानंतर पहिला नग न तपासल्याने. दोन लॉट कास्टिंगअभावी व एक या छाननीमुळे उशिरा आला.
>
> प्रस्तावित अग्रक्रम :
>
> १. दुसऱ्या पाळीत तपासनीस, १५ जुलैपासून. जबाबदारी क्वालिटी विभाग. बोअरचे रिजेक्शन ५२ वरून १३ नगांवर. आपल्याकडून : तेच २० नग दोन्हीकडच्या गेजवर मोजण्यासाठी एक दिवस.
>
> २. फाउंड्रीकडून एक आठवड्याचे कास्टिंग आगाऊ, ऑगस्टअखेर. जबाबदारी खरेदी विभाग. वेळेवर पुरवठा १३ पैकी किमान १२ लॉट. आपल्याकडून : शेड्यूल चार आठवडे आधी.
>
> ३. पुरासाठी १,००० नग आपल्या आवारात, जुलैअखेर, तीन रविवारी जादा काम करून. जबाबदारी उत्पादन विभाग. हा साठा अर्ध्या आठवड्याचा आहे. आपल्याकडून : जागा, आणि बिल केव्हा धरायचे याचा निर्णय.
>
> चर्चेसाठी पुढील आठवड्यातील अर्धा तास मिळावा.

पहिल्या मुद्द्यातल्या गेजबद्दल थोडं. टॉलरन्स फक्त ३० मायक्रॉनचा आहे. मशिनवरून उतरलेला नग दहा अंशांनी गरम असेल तर ७२ मिलिमीटरचा बोअर साधारण ८ मायक्रॉन मोठा दिसतो. एकाने गरम मोजला आणि दुसऱ्याने गार, तर भांडण ठरलेलं. म्हणून नग गार होऊ द्यायचे आणि तेच नग दोन्हीकडे मोजायचे.

"शून्य दोष" असं वचन पत्रात नाही, हे लक्षात आलं असेल. बोअरचे १३, ब्लोहोलचे २० आणि ठोकरीचे ६ असे ३९ नग, म्हणजे १,५०० पीपीएम एवढंच सप्टेंबरपर्यंत जमण्यासारखं आहे. ऑक्टोबरचा आढावा याच कागदावरून सुरू होणार, तेव्हा जमेल तेवढंच लिहावं. पुराचा साठाही अर्ध्या आठवड्याचाच आहे आणि २०१९ सारख्या पुराला तो पुरणार नाही, म्हणून पत्रात त्याचं माप स्पष्ट दिलं आहे. पूर्ण आठवड्याचा साठा हवा तर हा मुद्दा एप्रिलच्या आढाव्यातच यायला हवा.

पाठवताना दोन पथ्यं. पत्र खरेदी अधिकाऱ्याच्या नावे, प्रत त्यांच्या क्वालिटी विभागाला आणि आपल्या तिन्ही विभागप्रमुखांना, कारण कामं त्यांच्या नावावर टाकली आहेत. आणि भाववाढीची मागणी यात घुसडू नका. ३,५०० पीपीएमच्या खालच्या ओळीत "दर वाढवून मिळावेत" आलं की वरचं सगळं त्याच मागणीची प्रस्तावना वाटतं. त्यासाठी वेगळं पत्र, वेगळा दिवस.

तारखेचं म्हणाल तर १० जुलैच्या आत पान गेलं पाहिजे. महिनाअखेरीस गेलं तर तिमाहीतला एक महिना आणि जादा कामाचे तिन्ही रविवार निघून गेलेले असतात, आणि कृष्णा काही आपल्या मीटिंगसाठी थांबत नाही.