आठ जणांची टीम म्हणजे नक्की कोण?

बियाणं, खतं, औषधं, ठिबक या धंद्यातल्या माणसाला धुळ्याचा इंटरव्ह्यू नवा नसतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे तिथे एकत्र येतात. त्यामुळे साहेब नाशिककडून येतात, आपण जळगावहून पारोळामार्गे जातो आणि हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात बोलणी होतात. मलाही असाच एकदा पुण्याच्या कन्सल्टन्सीतून फोन आला. पद होतं एरिया सेल्स मॅनेजर, भाग जळगाव आणि धुळे जिल्हा. मी दोन गोष्टी विचारल्या : टीम केवढी आणि रिपोर्टिंग कोणाला? मॅडम म्हणाल्या, ‘‘आठ जणांची टीम आहे सर, आणि रिपोर्टिंग रिजनल मॅनेजरला.’’ तेव्हा माझ्या हाताखाली तीन माणसं होती. तिनावरून आठावर जायचं म्हणजे सरळ पुढची पायरी. खरिपाच्या बुकिंगची गडबड सुरू असतानाही मी रजा टाकून धुळ्याला गेलो.

समोरचे साहेब भले गृहस्थ होते. मी म्हटलं, ‘‘सर, ही आठ माणसं कुठे कुठे बसतात?’’ त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि तालुकावार लिहून दिलं. चोपडा आणि शिरपूर इथे एकेक सेल्स ऑफिसर, कंपनीच्या पगारावर. पाचोऱ्याची जागा रिकामी, ‘भरायची आहे’. उरलेले पाच फील्ड असिस्टंट, थर्ड पार्टीच्या पगारावर, तेही जून ते ऑक्टोबर. या पाच जणांची हजेरी एजन्सीचा कोऑर्डिनेटर बघणार आणि कोणत्या गावात कोणता डेमो घ्यायचा ते पुण्याचं मार्केटिंग ठरवणार. दोन, एक आणि पाच मिळून आठ. हिशेब चोख होता, पण ज्यांची रजा मी मंजूर करणार आणि ज्यांचं अप्रेझल मी लिहिणार, अशी माणसं त्यात दोनच होती. रिपोर्टिंगचंही तसंच. रिजनल मॅनेजरची खुर्ची रिकामी होती. हे साहेब अकोल्याचे, नाशिकचा त्यांच्याकडे तात्पुरता चार्ज होता.

खोटं कोणीच बोललं नव्हतं, ही यातली खरी मेख आहे. एचआरच्या फाइलीत मंजूर जागा आठ होत्या, मॅडमनी तोच आकडा वाचून दाखवला.

बाहेरून हा फरक किरकोळ वाटतो, पण काम सुरू झालं की तोच अंगावर येतो. टार्गेट भागावर लागतं, माणसांवर नाही. पाचोऱ्याची जागा रिकामी असली तरी तिथल्या डीलरांचा माल आणि उधारीची वसुली टार्गेटमध्ये धरलेलीच असते, आणि ती करायला एरिया मॅनेजरलाच मोटारसायकल काढावी लागते. ऑक्टोबरनंतर फील्ड असिस्टंट गेले की कपाशीच्या हंगामातली सगळी येणी दोन पोरांवर आणि आपल्यावर येऊन पडतात. वरची खुर्ची रिकामी असेल, तर डीलरची क्रेडिट लिमिट वाढवायची परवानगी आज अकोल्याहून येते, उद्या कुठून येईल ते माहीत नसतं. इंटरव्ह्यूत जो शब्द देतो, तो मार्चमध्ये आपलं अप्रेझल लिहायला तिथे नसतो.

म्हणून आता मी तोंडी विचारून थांबत नाही. फोनवर रस दाखवतो, पण इंटरव्ह्यूची तारीख पक्की करण्याआधी कन्सल्टंटला व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर साधारण असं लिहितो : ‘‘मॅडम, या पदासाठी मला नक्की यायचं आहे. त्याआधी कंपनीच्या एचआरकडून एवढं कळवाल का? या पदाचं रिपोर्टिंग कोणत्या पदाला आहे, ती व्यक्ती कुठे बसते आणि ते पद सध्या भरलेलं आहे का? थेट हाताखाली कंपनीच्या पगारावर आज किती माणसं आहेत, कंत्राटी किंवा हंगामी किती आणि रिकाम्या जागा किती?’’ यातला ‘आज’ हा शब्द मी गाळत नाही. तो नसला की मंजूर जागांचा आकडा परत येतो.

नुसतं ‘टीम किती’ असं विचारलं, की उत्तर देणारा त्याच्या सोयीचा आकडा निवडतो. प्रश्नातच तीन खाने पाडले, की त्याला एचआरला फोन करावाच लागतो. बहुतेकदा कन्सल्टंटला हे ठाऊकच नसतं. त्याच्या हातात पानभर जॉब डिस्क्रिप्शन असतं, आणि तेही कधी कधी मागच्या भरतीचं. त्याने आपल्यासाठी हा फोन का करावा? कारण त्याची फी आपण जॉइन झाल्यावर कंपनी देते, आणि ठरलेल्या मुदतीत, अनेकदा पहिल्या तीन महिन्यांत, उमेदवार सोडून गेला तर त्याला बदली माणूस फुकट शोधून द्यावा लागतो. हे मी एकदा एका कन्सल्टंटला शांतपणे बोलून दाखवलं आणि संध्याकाळपर्यंत उत्तर हातात आलं. त्या उत्तरात टीम शून्य होती. पदाचं नाव मॅनेजर, काम एकट्याने रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात फिरायचं. मी नम्रपणे नकार कळवला. पुढे ती जागा माझ्या ओळखीच्या एका मुलाने घेतली. त्याला एकट्यानेच फिरायचं होतं आणि पगारही बरा होता. तो तिथे खूश आहे.

उत्तर टाळलं म्हणजे काळंबेरं आहे, असं धरून चालू नये. कधी कधी सध्याच्या माणसाला न कळवता त्याची जागा भरायची असते, तेव्हा नावगाव सांगता येत नाही. अशा वेळी मी नावं सोडून फक्त पद, ठिकाण आणि आकडे मागतो. तेही ‘इंटरव्ह्यूतच कळेल’ म्हणून टाळलं, तर पहिली फेरी फोनवर किंवा व्हिडिओवर घ्या म्हणतो. कंपनीला खरंच माणूस हवा असेल तर ती सहसा नाही म्हणत नाही.

एमआयडीसीतल्या घरच्या कारखान्यांत प्रश्न थोडा बदलावा लागतो. चटई असो, पाइप असो की डाळ मिल, तिथे ‘डायरेक्ट मालकांना रिपोर्टिंग’ हे अभिमानाने सांगतात. पण मालक म्हणजे थोरले शेठ, त्यांचा मुलगा की पुतण्या, हे विचारून घ्यावं. मी विचारतो, ‘‘खर्चाच्या बिलावर सही कोणाची होते आणि माणूस घ्यायचा किंवा काढायचा निर्णय कोणाचा?’’ दोन्हींचं उत्तर एकच नाव असेल तर रिपोर्टिंग सरळ आहे. दोन नावं आली तर रोज दोन घरांत निरोप पोचवायची तयारी ठेवावी लागते.

कन्सल्टंटचं उत्तर कंपनीला बांधील नसतं, हे मात्र ध्यानात ठेवावं. म्हणून इंटरव्ह्यूत तेच प्रश्न होणाऱ्या साहेबांना पुन्हा विचारावेत आणि दोन्ही उत्तरं ताडून बघावीत. ऑफर लेटरमध्ये रिपोर्टिंगची एखादी ओळ असू शकते, टीमचा आकडा सहसा नसतो, आणि त्याच पत्रात ‘कंपनी गरजेनुसार बदल करेल’ हे कलमही असतं. आकड्याची नोंद हवी असेल, तर ऑफर स्वीकारल्याच्या मेलमध्ये आपणच एक वाक्य घालावं : ‘चर्चेत ठरल्याप्रमाणे माझं रिपोर्टिंग अमुक पदाला राहील आणि थेट हाताखाली कंपनीच्या पगारावरचे अमुक सहकारी असतील, असं मी समजतो.’ हा मेल पाठवावा, एचआरचं उत्तर येऊ द्यावं आणि ते आल्यावरच जुन्या कंपनीत राजीनामा टाकावा. एकदा नोटीस पीरियड सुरू झाला की हाच प्रश्न विचारायचा जोर आपल्या बाजूने उरत नाही.