दाढीआडचा चेहरा

धुळ्यात फोटो स्टुडिओ चालवताना गंधमुक्तीच्या फ्रेमची कामं नेहमी येतात. मोबाइलमधला शेवटचा स्पष्ट फोटो बहुधा आजारपणातला, दाढी वाढलेला. "एवढी दाढी काढून द्या," घरचे सांगतात.

पारोळ्याकडचं एक कुटुंब असाच फोटो दुसरीकडून करून माझ्याकडे आलं. दाढी पूर्ण गेली होती, हनुवटी मात्र फुग्यासारखी गोल आणि गुळगुळीत. म्हातारी बघून एवढंच म्हणाली, "हाऊ आमना आप्पा नही शे."

कारण उघड होतं. दाढीवर थेट Healing Brush फिरवला होता. हा ब्रश कडेचे रंग ओढून घेतो. शेजारी काळा केस राहिला की राखी डाग पसरतो. म्हणून आधी वेगळ्या लेयरवर Clone Stamp ने गालाची कातडी लहान लहान तुकड्यांत आणायची आणि केस पूर्ण झाकल्यावरच Healing Brush ने सांधे मिटवायचे. कपाळाची कातडी नको, तिची चमक वेगळी असते. आप्पांच्या फोटोत उजेड डावीकडून होता. त्यामुळे उजव्या जबड्यासाठी सावलीतल्या गालाचेच तुकडे घेतले.

हनुवटी अंदाजाने काढायची नाही. मी लग्नातला जुना फोटो मागवला. चेहरा साधारण त्याच कोनात होता. दोन्ही बुबुळांमधलं अंतर जुळवून तो अर्धपारदर्शक करून वर ठेवला. पण जुन्या फोटोतून फक्त हाडाचा आकार घ्यावा. गालाचा भरलेपणा घेतला तर खाली तरुण आणि वर आजारी असा चेहरा होतो. खालच्या ओठाखालची खाच, हनुवटीवरची चमक आणि जबड्याची मानेवर पडणारी सावली, एवढं जमलं की हनुवटी बसते.

मिशी त्याहून अवघड. नाकाखालच्या पन्हाळीच्या दोन कडा आणि वरच्या ओठाची रेघ चुकली की माणूसच बदलतो. २०१७ च्या 'जस्टिस लीग'मध्ये हेन्री कॅव्हिलची मिशी संगणकाने काढली, तेव्हा हॉलिवूडच्या पैशालाही तो ओठ जमला नव्हता.

शेवटी रंग. आपल्याकडच्या उन्हात गाल रापतात, दाढीखालची कातडी त्या मानाने उजळ राहते. शिवाय ताज्या दाढीनंतरही केसांची मुळं निळसर राखी दिसतात. ती झाक हनुवटी, जबडा आणि ओठावर अगदी फिकट, दहा टक्क्यांच्या आसपास, Color मोडमध्ये द्यावी. नाहीतर पुरुषाचा चेहरा मेणाचा वाटतो. फोटो आडवा उलटवून पाहिला की वाकडा जबडा लगेच सापडतो.

जुना फोटो मिळालाच नाही, तर मी दाढी फक्त बारीक, नीटनेटकी करून देतो. भावाची हनुवटी लावत नाही. आणि बारा बाय अठराची फ्रेम सांगण्याआधी चार बाय सहाची प्रिंट घरातल्या बायकांना दाखवा. त्यांनी ओळखलं तरच पुढचं काम करा.