गिरमिट अडलं म्हणजे मूळ अडलं का?

प्रश्न : कारंजा (घाडगे) तालुक्यात आमचं शेत आहे. सोयाबीन-तूर घेतो, आता संत्रा लावायचा विचार आहे. माती तपासायच्या गिरमिटानं भोक पाडलं, तर २० सेंमीवर घट्ट लागलं, ५५ सेंमीवर खडे करकरले आणि ७० सेंमीनंतर पिवळसर मुरूम आला. जमिनीची खोली किती धरू?

उत्तर : तिन्ही थर निरनिराळे आहेत आणि प्रत्येक पिकासाठी उत्तर बदलतं.

गिरमिट वाफसा असतानाच चालवा. वाळलेली काळी माती स्वतःच दगडासारखी लागते. दर १०-१५ सेंमीला बाहेर काढून माती पोत्यावर ओळीनं मांडा. अडलं तर पाऊलभर सरकून तीन-चार भोकं पाडा. एकाच भोकात अडलं तर तो सुटा दगड असेल. सगळीकडे त्याच खोलीवर अडलं तर तो थर आहे.

२० सेंमीवरचा घट्टपणा बहुधा ट्रॅक्टरच्या नांगरटीचा आहे. तिथलं ढेकूळ आडवं, पापुद्र्यांसारखं फुटतं आणि तुरीचं सोटमूळ तिथे वाकडं वळलेलं दिसतं. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत सबसॉयलरनं तो फोडता येतो, म्हणून त्याला खोलीची हद्द धरू नका.

मुरमाबाबत गिरमिट फसवतं. ते मुरूम दळून वर आणतं, त्यामुळे त्यातल्या भेगा दिसत नाहीत. म्हणून एक मीटर खोल खड्डा घ्या आणि उभी भिंत चाकूनं खरवडा. भेगांतून मुळं उतरलेली असतील तर तुरीला त्याचा थोडा आधार मिळतो. पण मुरमात पाणी फार कमी साठतं, म्हणून सोयाबीनसाठी ७० सेंमीच धरा. भारी काळ्या मातीत दर १० सेंमीमागे पिकाला साधारण १५ मिमी पाणी मिळतं. म्हणजे इथे सुमारे १०० मिमी साठा झाला. पाऊस गेल्यावर पिकाला रोज ४-५ मिमी लागतं, तेव्हा जेमतेम तीन आठवडे निघतील.

संत्र्याचा कौल मात्र मुरमापेक्षा ५५ सेंमीवरच्या खड्यांवर ठरेल. झाडाच्या अन्न घेणाऱ्या बारीक मुळांचा मोठा भाग वरच्या दोनेक फुटांतच असतो आणि फुटका मुरूम उलट निचऱ्याला मदत करतो. मीटर-दोन मीटर सलग चिकण काळ्या मातीत पाणी साचून मूळकुज होते. खड्यांवर आणि त्यांच्याभोवतीच्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-दोन थेंब टाका. फक्त खडेच फसफसले तर ते सुटे चुनखडीचे खडे आहेत, मूळ त्यांना वळसा घालून जातं. मातीच जोरात फसफसली तर चुना सगळीकडे मुरलेला आहे. अशा जमिनीत झाडाला लोह मिळत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

आम्लाच्या फेसावरून प्रमाण कळत नाही. ०-३० आणि ३०-६० सेंमीचे नमुने वेगळे घेऊन प्रयोगशाळेत मुक्त चुना तपासून घ्या. १० टक्क्यांच्या वर आला तर त्या तुकड्यात सोयाबीन-तूरच ठेवा आणि संत्र्यासाठी दुसऱ्या तुकड्यात भोकं पाडा.